सामना सुरू झाला की इंटरनेट का मंदावते? नागपूरकरांचे अनुभव

मनीषनगर
एकाच फायबरवरून इंटरनेट आणि दूरचित्रवाणी घेणाऱ्या आमच्या इमारतीत भारताचा मोठा सामना सुरू झाला की ऑनलाइन वर्ग आणि कार्यालयीन बैठका अडखळतात, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. आपला अनुभव लिहिताना योजनेचा वेग, सेट टॉप बॉक्स वायरने जोडला आहे की वायफायवर आहे, आणि बॉक्स बंद केल्यावर वेग परत येतो का, एवढे अवश्य सांगावे. नुसत्या संतापातून कारण कळत नाही.

त्रिमूर्तीनगर
आमची योजना 100 एमबीपीएसची आहे. सामना लावला की मोबाइलवर जेमतेम 15 दिसतात. टीव्हीचे चित्र अडकू नये म्हणून कंपनी त्याला प्राधान्य देते आणि उरलेला वेग आपल्या पदरात टाकते, हे उघड आहे. बॉक्स वायफायवर आहे.

महाल
आमचा त्रास याहून मोठा आहे. शेजारी डिश अँटेना असल्यामुळे गडी बाद झाल्याचा आरडाओरडा आम्हाला आधी ऐकू येतो आणि आमच्या पडद्यावर गोलंदाज अजून धावतच असतो. वेग वाढवून घेतला तर हे थांबेल का?

प्रतापनगर
मी नेटवर्कच्या कामात आहे. महालच्या काकांनी विचारलेला प्रश्न उशिराचा आहे, वेगाचा नाही. ॲपमधले थेट प्रक्षेपण थोडे साठवून मग दाखवले जाते, त्यामुळे मोठी योजना घेऊनही तो उशीर जात नाही.

त्रिमूर्तीनगरकरांचे प्राधान्याबद्दलचे म्हणणे खरे आहे, पण हिशेब जुळत नाही. एचडी वाहिनीला साधारण 6 ते 8 एमबीपीएस लागतात आणि 4के असेल तर 20 ते 25. म्हणजे 100 मधून फार तर पाव भाग जायला हवा. इथे 85 गायब आहेत, तेव्हा संशयित घरातच शोधावा लागेल. काही कंपन्या थेट वाहिन्या मल्टिकास्ट पद्धतीने पाठवतात, म्हणजे एकच प्रवाह मागणाऱ्या सर्व घरांना मिळतो. तो नेमका कोणत्या उपकरणाने मागितला याची नोंद राउटर ठेवत नसेल, तर तो प्रवाह सर्व पोर्टवर आणि वायफायवरही ओततो. वायफाय असा प्रवाह सर्वांना ऐकू जावा म्हणून बहुधा आपल्या सर्वांत संथ दराने पाठवते, आणि मग एकटी वाहिनीच सगळी हवा अडवून बसते. राउटरच्या सेटिंगमध्ये ही नोंद ठेवणारे `IGMP Snooping` चालू आहे का ते पाहावे. सामना ॲपमधून पाहत असाल तर मात्र हे लागू नाही. तो साध्या इंटरनेटसारखाच येतो.

कारण ओळखण्यासाठी सामना चालू असताना वायफायवरच्या लॅपटॉपवरून आधी राउटरला आणि नंतर बाहेर पिंग करावे:

```
ping 192.168.1.1
ping 8.8.8.8
```

राउटरचा पत्ता काही घरी वेगळा असतो. पहिलेच उत्तर शेकडो मिलिसेकंदांनी येत असेल तर दोष वायफायचा आहे. पहिले चटकन आणि दुसरे रखडत येत असेल तर राउटरच्या पुढे पाहावे.

बेसा
वरील पद्धतीने पाहिले. बॉक्स चालू असताना राउटरचेच उत्तर 3 मिलिसेकंदांवरून 200 च्या पुढे गेले. त्याच वेळी वायरने जोडलेल्या लॅपटॉपवर वेगचाचणी 92 दाखवत होती. आश्चर्य म्हणजे बॉक्स बंद केल्यावरही काही मिनिटे वायफाय मंदच राहिले. ते सेटिंग आमच्या राउटरमध्ये बंद होते; चालू करून बॉक्सला वायर दिल्यावर मोबाइलवर पुन्हा 80 मिळू लागले. वायर ओढायला भिंतीला छिद्र पाडावे लागले, त्यावरून घरात वाद झाला तो वेगळा.

प्रतापनगर
ती मिनिटे अपेक्षितच आहेत. बॉक्स थेट मुख्य बटणाने बंद केला तर ‘वाहिनी सोडली’ असा निरोप जात नाही, आणि राउटर किंवा कंपनीचे यंत्र नेहमीच्या मांडणीत सुमारे 260 सेकंद वाट पाहते.

नंदनवन
आमच्याकडे उलटे आहे. टीव्ही डिशवर आहे, बॉक्स मुळी नाहीच, तरीही मोठ्या सामन्याच्या संध्याकाळी वेग कोसळतो. राउटरचे उत्तर 2–3 मिलिसेकंदांत येते, बाहेरचे मात्र 300 च्या घरात. आमचा केबलवाला म्हणतो की राउटर बदला.

प्रतापनगर
राउटर बदलू नका. फायबरवरचा सुमारे 2.5 जीबीपीएसचा प्रवाह बहुधा 32 किंवा 64 घरांत वाटला जातो. प्रत्येकाने एचडी सामना लावला तरी तो पुरतो. केबलवाल्याने वरून घेतलेली जोडणी त्या वेळी भरत असावी, पण घरात बसून ते सिद्ध करता येत नाही.

त्रिमूर्तीनगर
माझ्या राउटरमध्ये ते सेटिंग दिसतच नाही, कंपनीने कुलूपबंद ठेवले आहे. तक्रार नोंदवताना नेमके काय लिहावे?