मदत हवी आहे: टेंडरचं कव्हर लेटर आणि टेक्नो-कमर्शियल समरी, सोमवारी 5 वाजता बंद

खाडीकाठ (गुरुवार, रात्री 10:40)
मंडळी, राजापूर तालुक्यात खाडीलगत संरक्षक भिंत आणि दोन मोऱ्यांचं काम निघालंय. रक्कम 1 कोटी 72 लाख. यादीत 'कव्हरिंग लेटर' आणि 'टेक्निकल-कमर्शियल समरी' असं दोन्ही मागितलंय. कोणाकडे तयार फॉरमॅट असेल तर टाका. नावं बदलून वापरतो. वेळ नाहीये.

चिरा_आणि_चुना
फॉरमॅट कोणाचाही चालेल, पण बी-1 आहे की बी-2? लिफाफे दोन आहेत ना?

रंगारी_72
आमच्या सोसायटीच्या बाहेरच्या रंगकामाला मी कोटेशन दिलं तेव्हा पत्राच्या सुरुवातीलाच रेट ठळक लिहिला होता. सेक्रेटरीला तेच आधी बघायचं असतं. पत्र लहान, रेट मोठा. काम मिळालं.

खाडीकाठ
बी-1 आहे. लिफाफे सगळ्यांना असतात तेवढेच, दोन. फॉरमॅट द्या ना कोणीतरी. मी लिहिलंय एक, टाकतो, चुकत असेल तर सांगा:

"महोदय, वरील कामाची निविदा आम्ही सादर करीत आहोत. आमचा दर अंदाजपत्रकीय दरापेक्षा 9 टक्के कमी आहे. जून ते सप्टेंबर खाडीत काम करणे शक्य नसल्याने हे चार महिने मुदतीतून वगळावेत, तसेच नदीची वाळू न मिळाल्यास क्रश सँड वापरण्यास परवानगी असावी, ही विनंती."

मालवणी_मिक्सर
मेल्या, दर पयल्या लिफाफ्यात? उघडल्याबरोबर बाजूक काढतले तुका!

निविदा_टेबल
मी एका विभागीय कार्यालयात बरीच वर्षं निविदांच्या टेबलवर होते, आता निवृत्त आहे. खाडीकाठ, या तीन ओळींनी तुमची निविदा तीनदा बाद होऊ शकते.

पहिली गोष्ट, टक्केवारी. पत्र आणि समरी दोन्ही लिफाफा क्र. 1 मध्ये जातात. दर फक्त लिफाफा क्र. 2 मधल्या बीओक्यूत टाकायचा. पहिल्या लिफाफ्यात तो कुठेही दिसला की, तुम्ही पात्र आहात की नाही हे ठरण्याआधीच तुमचा दर फुटला. मग बाकीची कागदपत्रं कितीही चोख असली तरी उपयोग नाही.

दुसरी, तुमच्या दोन्ही 'विनंत्या'. तुम्ही त्याला विनंती म्हणता, तपासणारा तिला अट म्हणतो. सशर्त निविदा नामंजूर, असं बहुतेक प्रत्येक सूचनेत छापलेलं असतं. वाळूचा आणि पावसाचा प्रश्न निविदापूर्व बैठकीत लेखी विचारायचा असतो. उत्तर शुद्धिपत्रकात येतं आणि ते सगळ्या निविदाकारांना लागू होतं. ती तारीख गेली का?

खाडीकाठ
गेली. मंगळवारी होती. त्या दिवशी साइटवर स्लॅब होता.

चिरा_आणि_चुना
ताई, मला हे तितकंसं पटत नाही. मी 12 वर्षं पत्रात 'विनंती आहे' असं लिहितोय, एकदाही बाद केलं नाही.

निविदा_टेबल
कारण तेव्हा कोणी हरकत घेतली नसेल. दोघांच्या दरात अर्ध्या टक्क्याचा फरक असला की मागे पडलेला तुमचं पत्र भिंगातून वाचतो. साहेबांना ओळीकडे दुर्लक्ष करायचं असलं तरी मग करता येत नाही.

चिरा_आणि_चुना
बरं. पण पावसाचं करायचं काय? मुदत पावसाळा धरून आहे की वगळून?

खाडीकाठ
9 महिने, पावसाळा धरून. डिसेंबरात आदेश मिळाला तर ऑगस्टपर्यंत. आमच्या खाडीला भरती-ओहोटीचा हिशेब आहे. पाया खणायचा तर मातीचा बंधारा घाला, पंप लावा, ओहोटीचे चार-पाच तास मिळतात तेवढ्यात काँक्रीट ओता. जुलैत वरून अर्जुनेचं पाणी आलं की बंधारासुद्धा जातो.

चिरा_आणि_चुना
मग हे पत्रात लिहायचं नाही, दरात धरायचं. पाया आणि पहिले दोन मीटर मेअखेर पाण्यावर आले पाहिजेत, असा कामाचा क्रम लाव. पुढचे तीन महिने पंप, राखणदार, सेंटरिंगचं भाडं, परत गेलेले आणि परत आणलेले कामगार, हे सगळं कागदावर मांड. 172 लाखांत 9 टक्के म्हणजे साडेपंधरा लाख तू आधीच सोडून देतोयस. 4 टक्के कमी केलंस तर साधारण पावणेसात लाख. मधले साडेआठ लाख तुझा पावसाळा.

खाडीकाठ
4 ने काम मिळणार नाही. इकडे सगळे 12-15 कमी भरतात.

मालवणी_मिक्सर
आणि मगे बिलां अडाकली की रडतंत. माझी दोन बिलां वर्ष झाला, निधी येवक नाय. त्यापेक्षा आंब्याची कलमां बरी.

निविदा_टेबल
बिलांचा विषय वेगळा धागा मागतो. इतकंच सांगते, जास्त खाली गेलात तर वाढीव सुरक्षा ठेव द्यावी लागते. त्याचं कोष्टक निविदेत असतं, ते बघूनच टक्का ठरवा. आणि पावसाने खरंच काम थांबलं तर बी-1 च्या कलम 6 खाली मुदतवाढ मागता येते. पण त्यासाठी अडथळा आला तेव्हाच लेखी पत्र हवं, साइटवरच्या नोंदी हव्यात. नंतर आठवून लिहिलेलं चालत नाही.

उद्यमी_कोकण
उद्यम नोंदणी आहे का? असेल तर बयाणा रक्कम माफ! पत्रात तेवढी एक ओळ टाका, दीड-पावणेदोन लाख वाचतील.

निविदा_टेबल
थांबा, असं करू नका. ती सवलत वस्तू आणि सेवांच्या खरेदीसाठी आहे, बांधकामाच्या ठेक्याला सरसकट लागत नाही. सूचनेत माफी लिहिली नसेल तर बयाणा भरा आणि पावती जोडा.

उद्यमी_कोकण
माझ्या मेहुण्याला मिळाली होती.

चिरा_आणि_चुना
त्याने टेबलं-खुर्च्या पुरवल्या असतील.

खाडीकाठ
बयाणा भरलाय. समरीत काय लिहायचं ते कोणी सांगतंय का? 'टेक्नो-कमर्शियल' म्हणजे पैशाचंच ना?

निविदा_टेबल
नाही, इथेच बहुतेकांचा घोळ होतो. इथे 'कमर्शियल' म्हणजे अटी मान्य आहेत की नाहीत: निविदेचा वैधता कालावधी, बयाणा, कामाची मुदत, दोष दायित्व कालावधी. आकडा नाही. एकच पान करा, तीन रकाने: सूचनेत काय मागितलंय, आमच्याकडे काय आहे, कोणत्या पानावर आहे. तिसरा रकाना कोणी लिहीत नाही आणि तोच सगळ्यात कामाचा. माझ्यासमोर 140 पानांचा गठ्ठा असायचा. समान कामाचा दाखला पान 37 वर आहे हे समोर लिहिलेलं असलं की मी पान 37 उघडायची. नसेल तर शोधायची, आणि शोधताना नजरेतून निसटलं तर पोर्टलवर 'अपुरी कागदपत्रे' असा शेरा.

सी.ए.च्या उलाढाल दाखल्यावर यूडीआयएन आहे ना, तेही बघा. आणि निविदा क्षमतेचा तुमचा आकडा काय आला?

खाडीकाठ
तिथेच तर अडलोय, हे सांगायचं राहिलं. सूत्र `(A × N × 2) - B` आहे. A म्हणजे एका वर्षात जास्तीत जास्त केलेलं काम, ते 160 लाख. N 9 महिन्यांचा 0.75. म्हणजे 240. हातातली दोन कामं 95 लाखांची. 240 वजा 95 बरोबर 145. पाहिजेत 172. म्हणून वाटलं पत्रात जरा समजावून सांगावं, की आम्ही करू शकतो.

चिरा_आणि_चुना
अरे, हे आधी सांगायचं ना! क्षमता नसेल तर पत्र कितीही गोड लिही, काही होत नाही.

निविदा_टेबल
घाई नको. 95 हा आकडा कुठून घेतला? कार्यादेशावरून?

खाडीकाठ
हो, दोन्ही कार्यादेशांची बेरीज.

निविदा_टेबल
त्यातलं किती काम झालंय?

खाडीकाठ
देवगडच्या रस्त्याचं 44 लाखांचं बिल झालंय. दुसरं काम गटाराचं, त्याचं 13.

निविदा_टेबल
मग तुमचा B 95 नाही. हातातल्या कामांचं जे शिल्लक आहे, आणि तेही या 9 महिन्यांत करायचं आहे, तेवढंच B. 95 वजा 57 म्हणजे 38. 240 वजा 38, 202. तुम्ही पात्र आहात. मात्र हा 38 तुम्ही म्हणून चालत नाही. दोन्ही कामांच्या शिल्लक रकमेचं पत्र संबंधित कार्यकारी अभियंत्याच्या सहीचं लागतं. A जुन्या वर्षाचा असेल तर तो चालू किमतीवर आणायची मुभाही बहुधा सूचनेत असते, बघून घ्या. त्याने आणखी वर जाल.

खाडीकाठ
बाप रे. मी दोन रात्री झोपलो नाही यावर. पण सहीचं पत्र, उद्या शुक्रवार, मग शनिवार-रविवार...

चिरा_आणि_चुना
उद्या साडेनऊला कार्यालयाच्या दारात उभा राहा. मोजमाप पुस्तिकेतल्या शेवटच्या नोंदीची झेरॉक्स घेऊन जा, म्हणजे 'तपासून सांगतो' हे उत्तर मिळणार नाही.

निविदा_टेबल
आणि कव्हर लेटरला एवढं पुरे:

"विषयांकित कामाची निविदा ई-निविदा पोर्टलवर सादर करीत आहोत. निविदा सूचना व सर्व शुद्धिपत्रकांतील अटी आम्हाला विनाअट मान्य आहेत. आम्ही प्रत्यक्ष जागेची पाहणी केली आहे. निविदा सूचनेत दिलेल्या कालावधीपर्यंत आमची निविदा वैध राहील. आवश्यक कागदपत्रे सोबतच्या गोषवाऱ्यात पृष्ठ क्रमांकांसह दिली आहेत."

पाहणी खरंच केली असेल तरच ती ओळ ठेवा. ओहोटीला जाऊन आलात ना?

खाडीकाठ
तीनदा. खाली मातीत कुदळ फुटभर जाते आणि मग जांभा लागतो. खूप आभार ताई. पत्राखाली सही माझी चालेल ना? परवाना बाबांच्या नावावर आहे, पण कामं मीच बघतो.

चिरा_आणि_चुना
हे आत्ता सांगतोस?

निविदा_टेबल
एकल मालकी असेल तर सही बाबांची, डिजिटल सहीसुद्धा त्यांचीच. नाहीतर त्यांनी तुम्हाला दिलेलं मुखत्यारपत्र नोटरी करून जोडा.

उद्यमी_कोकण
प्रतिज्ञापत्रालाही बघा. 100 चा स्टॅम्प आता चालत नाही, ऑक्टोबर 2024 पासून 500 चा लागतो.

मालवणी_मिक्सर
सरकारी कामाक प्रतिज्ञापत्राक स्टॅम्प माफ आसा म्हणतंत. आमच्या नोटरीक कोण सांगतलो?

खाडीकाठ
बाबा रविवारपर्यंत गावी, देवाच्या कामाला गेलेत. डिजिटल सहीचा डोंगल टेंडर भरणाऱ्या सायबरवाल्याकडे आहे. तो म्हणाला सोमवारी 4 ला या, एका तासात होतं.

चिरा_आणि_चुना
4 ला? वेडा आहेस का? सकाळी 10 ला जाऊन बस. शेवटच्या तासात पोर्टल कसं चालतं ते ठाऊक आहे ना? आणि बीओक्यूची फाइल उतरवली तेव्हा होती त्याच नावाने ठेव. नाव बदललंस तर पोर्टल घेत नाही.

खाडीकाठ
मी तिला 'भिंत_शेवटची_खरी' असं नाव दिलंय. परत उतरवतो.