विषय: पाढ्यांचा तक्ता – २ × ८ चं १६ पिवळं का झालंय?

शनिवारच्या शाळेच्या ताई:
नमस्कार मंडळी, आपल्या शाळेतल्या ६-७ वर्षांच्या मुलांसाठी १० बाय १० चा तक्ता छापला. वर्गसंख्या पिवळ्या करायच्या होत्या, म्हणजे ४, ९, १६ अशी तिरकी ओळ यायला हवी होती, पण ती सोडून बाहेरही आठ घरं पिवळी आलीत, दोन्हीकडची २ आणि ८ ची १६, ४ आणि ९ ची ३६ वगैरे. मुलांनी लगेच विचारलं आणि मला पटकन सांगता आलं नाही. शिवाय आकडे एवढे बारीक की मागे बसलेली एक मुलगी कागद नाकाला लावून वाचत होती. फाईल कोणी नीट करून देईल का?

फाईल बनवणारा:
ताई, फाईल मीच केलीय आणि चूक नाहीये. १६ ही वर्गसंख्याच ना, मग कुठेही आली तरी रंगणारच. गूगल शीटमधला हा फॉर्म्युला बघा, वर्गमूळ पूर्णांक आलं की पिवळं:

```
=MOD(SQRT(B2),1)=0
```

एक आजोबा:
ताई, तुम्ही दहापर्यंतच का थांबता? आम्ही तिसापर्यंत पाढे आणि वर पावकी-निमकी म्हणायचो. नातवाला मी फोनवर रोज एक पाढा म्हणायला लावतो, तक्ता लागतच नाही.

गणित शिकवणाऱ्या काकू:
आजोबा, पाठांतर हवंच, पण ताईंचा प्रश्न वेगळा आहे. तक्त्यात मुलाला जे दिसतं ते तोंडी म्हणून दिसत नाही.

फाईलवाल्या दादा, संख्या म्हणून तुझं बरोबर आहे, पण तक्त्याचं घर म्हणजे नुसती संख्या नाही, ती एक आकृती आहे. १ × १ च्या घरापासून ४ × ४ च्या घरापर्यंत बोट फिरवून चौकट काढली तर आत बरोबर १६ घरं येतात आणि तो चौरस असतो, म्हणून तर 'वर्ग'. २ × ८ पर्यंत चौकट काढली तरी १६ च घरं, पण ती लांब पट्टी होते. मुलांना हेच दाखवायचं, तर रंग फक्त तिरक्या ओळीला हवा. `B2:K11` निवड आणि नियम बदल:

```
=ROW()=COLUMN()
```

आता खरी गोम. शीटमधली घरं मुळात १०० पिक्सेल रुंद आणि २१ उंच असतात, म्हणजे ४ × ४ ची चौकटही आडवी पट्टीच दिसते आणि सगळं समजावणं फुकट जातं. अकराही ओळी आणि अकराही कॉलम ६० पिक्सेलवर आण. छापताना रुंदीला फिट केलं की लेटर कागदावर एकेक घर साधारण १६ मिलीमीटरचं येतं. फॉन्ट मुळात १० चा असतो, तो २२ कर, जाड कर आणि १०० त्या घरात बसतंय ना ते आधी बघ, कारण तीन आकडी तेवढं एकच आहे.

तिसरीतल्या मुलाची आई:
आमच्याकडे काळा-पांढरा प्रिंटर आहे, त्यावर फिकट पिवळा रंग दिसतच नाही! मी दोनदा छापलं आणि मुलगा म्हणाला, "आई, यात रंग कुठाय?"

गणित शिकवणाऱ्या काकू:
बरं झालं सांगितलंत. मग त्या दहा घरांना जाड काळी बॉर्डर द्या, ती हातानेच द्यावी लागेल, नियमातून बॉर्डर देता येत नाही. गडद रंग मात्र टाळा, काळ्या-पांढऱ्यात तो राखाडी होऊन आकडाच गिळतो.

शनिवारच्या शाळेच्या ताई:
काकू, दादाने रात्री फाईल बदलून दिली, आज वर्गात वापरली. पाच पंचे पंचवीस म्हणत एका मुलाने कागदाच्या दोन पट्ट्या उजवीकडे आणि खाली ठेवून चौकट केली आणि आतली घरं एकेक करून मोजली, पंचवीस भरली तेव्हा चेहरा बघण्यासारखा होता. मग त्यानेच २ × ८ ला पट्ट्या लावल्या आणि म्हणाला, "हे पण सोळाच, पण चौकोन लांबडा आहे." मागच्या मुलीलाही आता वाचता येतंय, पण भिंतीवर लावला तर लांबून दिसत नाही, तो मोठा कसा करायचा ते बघायचंय.

आणि एक विचारायचं राहिलं, आकडे देवनागरी ठेवायचे की मुलांच्या रोजच्या शाळेतले इंग्रजी? निम्मी मुलं ७ ला ६ म्हणतात.

फाईल बनवणारा:
देवनागरीच ठेवा ताई, मराठी शाळा आहे ना.

तिसरीतल्या मुलाची आई:
माझं मत उलटं आहे. एका वेळी एकच नवीन गोष्ट, आधी पाढे, मग आकडे.