मदत हवी आहे: नेदरलँडच्या ग्राहकाला पितळी समयांचा भाव युरोत कसा द्यावा?

द्वारका_हस्तकला:
नाशिकमधल्या कारागिरांकडून पितळी समया करून घेतो. नेदरलँडच्या एका दुकानदाराला २८८ नग हवे आहेत. समई साधारण १ किलो २०० ग्रॅमची, सुटी करून भरता येते. कारागिराकडून पॉलिश होऊन नग ११५० रुपयांना पडतो. त्याला एफओबी न्हावाशेवा भाव युरोत हवा आहे, तो ६० दिवस कायम राहावा आणि पैसे माल मिळाल्यावर ६० दिवसांनी देईन म्हणतो. युरो १०० रुपये धरून, १५ टक्के नफा लावून मी १३.२५ काढला आहे, अजून पाठवला नाही. निर्यातीचा आयईसी क्रमांक आहे, कर न भरता निर्यात करण्याचं एलयूटी भरलेलं आहे, बँकेचा एडी कोडही कस्टमकडे नोंदवलेला आहे. भाव बरोबर आहे का?

वारली_मेघना:
दादा, आम्ही वारली चित्रं कुरियरनेच पाठवतो, पाच दिवसांत पोचतात. बंदराच्या भानगडीत पडूच नका.

गोदाकाठ_फॉरवर्डर:
मेघनाताई, तुमची चित्रं गुंडाळून नळीत जातात. इथे नुसतं पितळच साडेतीनशे किलो आहे. कुरियरचा खर्च मालाच्या किमतीच्या अंगावर येईल.

द्वारका, १३.२५ मध्ये फक्त माल आणि नफा आहे. एफओबी म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंतचा सगळा खर्च तुमचा. आधी पॅकिंग ठरवा, कारण पुढचे सगळे आकडे त्यावरून निघतात. एका खोक्यात १२ समया, खोकं ५० बाय ४० बाय ३२ सेंमी, भरलेलं वजन साडेसोळा किलो धरू. अशी २४ खोकी. १२० बाय १०० सेंमीच्या पॅलेटवर एका थरात सहा बसतात, चार थर झाले की काम संपलं. पॅलेटसकट उंची १४३ सेंमी, म्हणजे १.७२ घनमीटर आणि वजन ४१६ किलोच्या आसपास. सुट्या मालाचं समुद्रभाडं घनमीटर किंवा टन यांत जे जास्त भरेल त्यावर लागतं, म्हणून इथे १.७२ वर. नुसती खोकी मोजलीत तर १.५४ येतात आणि फरक बिलात दिसतो.

आता खर्च. आतला डबा, कागद, पिशवी मिळून नगाला ७० रुपये म्हणजे २०,१६०. बाहेरची खोकी १८० प्रमाणे ४,३२०. पॅलेट १,८००. ट्रक ५,०००. कस्टम एजंट, बंदराजवळचं सीएफएस गोदाम आणि फॉरवर्डरचे इकडचे आकार मिळून २४,००० धरतो, पण हा आकडा लेखी कोटेशन घेऊनच पक्का करा. बँक आणि कागदपत्रांचं कुरियर ३,०००. माल ३,३१,२०० धरून बेरीज ३,८९,४८० होते. तुमचे १५ टक्के लावले की ४,४७,९०२, म्हणजे नगाला १,५५५ रुपये. गूगलवर दिसणाऱ्या दराने बँक तुमचे युरो घेणार नाही. बँक ज्या दराने युरो विकत घेते तो टीटी बायिंग दर विचारा. १०० ऐवजी ९८ धरला तर १५.८७ येतात, म्हणून १५.९० द्या. निर्यातीवर सरकारकडून ड्रॉबॅक किंवा रोडटेपचा परतावा मिळाला तर वरकड समजा, भावात धरू नका.

आणि भाव २८८ नगांसाठीच आहे असं स्पष्ट लिहा. ट्रक, एजंट, बँक हे ३२,००० माल निम्मा झाला तरी जवळपास तेवढेच राहतात. २८८ वर ते नगाला १११ पडतात, १४४ वर २२२. 'आत्ता निम्मेच पाठवा, भाव तोच' हे वाक्य ग्राहकाकडून हमखास येतं.

पंचवटी_ट्रेडर:
सरळ एलसी मागा, म्हणजे ग्राहकाच्या बँकेची पैशांची हमी. एलसी म्हणजे पैसे पक्के.

गोदाकाठ_फॉरवर्डर:
पक्के तेव्हाच, जेव्हा कागद एलसीच्या मजकुराशी तंतोतंत जुळतील. इन्व्हॉइसवर मालाचं वर्णन वेगळं पडलं किंवा जहाज एक दिवस उशिरा सुटलं की विसंगती निघते, आणि मग ग्राहक मान्य करेल तरच पैसे. शिवाय हा सौदा साडेचार हजार युरोंचा आहे. दोन्हीकडच्या बँकांचे आकार नफ्याचा लचका तोडतील. मोठ्या ऑर्डरला एलसी चांगली.

इथे ३० टक्के आगाऊ आणि ७० टक्के बिल ऑफ लेडिंगची, म्हणजे माल जहाजावर चढल्याच्या कागदाची, प्रत दाखवल्यावर मागा. मूळ बिल पैसे येईपर्यंत तुमच्याकडे ठेवा. ३० टक्के का, तर ४,५७९ युरोंचे ते १,३७४ होतात, म्हणजे सव्वा लाखाच्या वर. ग्राहक फिरला तर पॅकिंग आणि बंदरापर्यंतचा मिळून ५८,००० चा खर्च त्यातून सुटतो आणि माल परत आणायला काही उरतं. समईवर त्याचा शिक्का कोरायचा असेल तर ५० टक्के घ्या, तो माल दुसरा कोणी घेणार नाही.

द्वारका_हस्तकला:
फॉरवर्डर त्याचाच असणार आहे. मग बिल माझ्या हातात येईल ना?

गोदाकाठ_फॉरवर्डर:
खरी मेख तिथेच आहे. सुट्या मालाला बहुतेक वेळा फॉरवर्डर स्वतःचं हाउस बिल देतो. तो ग्राहकाचा माणूस असेल तर मूळ कागद न मागताच तिकडे माल सोडण्याचा धोका राहतो. 'तीन मूळ प्रती आमच्याकडे, त्या जमा झाल्याशिवाय माल सोडू नये' हे त्याच्याकडून आधी ईमेलवर घ्या. ज्यावर मूळ प्रत न मागता माल सुटतो असं सी वेबिल किंवा नुसती मालाची पावती देऊ केली तर उरलेले ७० टक्के माल कारखान्यातून निघण्याआधीच मागा. त्याचे भारतातले आकारही लेखी घ्या. ग्राहकाला भाडं स्वस्त दाखवून वसुली तुमच्याकडून करणारे असतात.

एफओबीऐवजी एफसीए न्हावाशेवा सीएफएस लिहिलं तर आणखी बरं, त्यात तुमची जोखीम माल सीएफएसला सोपवला की संपते. माल तुम्ही सीएफएसला सोपवता, जहाजावर चढताना तुमचा हात नसतो, तरी एफओबीत तोपर्यंतची जोखीम तुमच्या गळ्यात.

भद्रकाली_भांडी:
युरोपेक्षा पितळेचा भाव जास्त फिरतो. ६० दिवसांची मुदत देऊ नका. १० दिवस द्या, आणि आगाऊ रक्कम जमा झाली की भाव पक्का असं लिहा. त्याच दिवशी कारागिराला उचल देऊन पितळ बांधून घ्या.

पॅकिंगमध्ये वर्तमानपत्र वापरू नका, ते ओल धरतं आणि पॉलिशवर शाई उमटते. भाताचा पेंढा तर नकोच, परदेशात वनस्पती तपासणीत अडकतो. समईचे भाग सुटे करून प्रत्येक वेगळा गुंडाळा. वरचा मोर आडवा ठेवला तर वाकतो, त्याला वेगळा कप्पा करा. एक खोकं भरून कमरेच्या उंचीवरून कोपऱ्यावर टाका आणि उघडून बघा. पॅलेट उष्णता दिलेलं हवं, गव्हाच्या लोंबीची खूण आणि HT अक्षरं लाकडावर छापलेली. नुसत्या सर्टिफिकेटवर समाधान मानू नका.

द्वारका_हस्तकला:
समयांना लॅकर मारून घेऊ का? समुद्रात काळ्या पडतील अशी भीती आहे.

भद्रकाली_भांडी:
मी मारून घेईन. बोटांचे ठसे आधी पुसून, हातमोजे घालून.

गोदाकाठ_फॉरवर्डर:
मी नाही सांगणार. वात पेटली की वाटीवरचं लॅकर जळून डाग पडतात आणि तक्रार तुमच्याकडे येते. गंजरोधक व्हीसीआय कागद आणि खोक्यात ओलावा शोषणाऱ्या पुड्या पुरतील.

भद्रकाली_भांडी:
तो समया शोभेसाठी विकणार की पेटवायला, ते आधी विचारा. शोभेच्या असतील तर माझं म्हणणं कायम आहे.

पंचवटी_ट्रेडर:
त्याने ६० दिवसांच्या उधारीचाच हट्ट धरला तर ईसीजीसी या सरकारी कंपनीचा निर्यात-उधारीचा विमा चालेल का?

गोदाकाठ_फॉरवर्डर:
चालतो, पण माल खराब म्हणून ग्राहकाने वाद काढला तर तो वाद मिटेपर्यंत दावा अडतो. म्हणून रवानगीआधी खोकी भरतानाचे फोटो आणि ग्राहकाने पास केलेल्या नमुन्याचा ईमेल जपून ठेवा. एवढ्या एका ऑर्डरसाठी विमा परवडतो का, ते ईसीजीसीच्या शाखेतच विचारलेलं बरं. प्रोफॉर्मा इन्व्हॉइसवर एक ओळ मात्र नक्की टाका: बँक खातं बदलल्याचा ईमेल आला तर फोनवर विचारल्याशिवाय पैसे पाठवू नयेत.