कामावर सुई टोचली आहे, लगेच काय करायचं? (सांगली)

कलेक्शनवाली
लॅबमध्ये कलेक्शनला आहे. आज सकाळी विश्रामबागला एका घरी रक्त घेताना पेशंटनी हात झटकला आणि सुई बाहेर येऊन माझ्या डाव्या बोटात घुसली. रक्त आलं. लॅबच्या सरांना फोन केला तर म्हणतात काही होत नाही, आधी सॅम्पल घेऊन ये. एचआयव्हीची टेस्ट आज केली तर कळेल का? की थांबायचं? पटकन सांगा, पुढच्या कलेक्शनला निघायचंय.

दादा_मिरजकर
बोट दाबून दाबून घाणेरडं रक्त काढून टाक आणि वर स्पिरिट ओत. आम्ही वर्कशॉपमध्ये तेच करतो. आणि टीटीचं इंजेक्शन घे.

सिव्हिलची_सिस्टर
दादा, वर्कशॉपचा पत्रा आणि पेशंटच्या शिरेतली सुई एक नव्हे. दाबायचं नाही, स्पिरिट-ब्लीच काही ओतायचं नाही, बोट तोंडात घालायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं, बस्स.
ताई, आधी सांगा: किती वाजता टोचली? सुई पोकळ होती का? हातमोजा होता का? पेशंटबद्दल काय माहीत आहे? तुमचे कावीळ ब चे तीन डोस झालेत का? आणि बाळ अंगावर पितं का, दिवस गेलेत का?

रामभाऊ_टेलर
माझ्या मशीनची सुई नखातून आरपार गेली होती. हळद लावली, आठवड्यात बरं झालं. घाबरू नका.

कलेक्शनवाली
रामभाऊ, ही तसली सुई नाही हो.
सिस्टर, साडेनऊच्या सुमारास. रक्त काढायचीच सुई, पोकळ. हातमोजा होता, फाटला. साबणाने धुतलंय. पेशंट सत्तरीचे आजोबा, शुगर तपासायला बोलावलेलं, बाकी काही माहीत नाही. कावीळ ब चे डोस कोर्सला असताना दोन घेतले होते, तिसरा राहिला. बाळ दीड वर्षाचं आहे, रात्री अजून पितं.

आदित्य_फार्मा
७२ तास असतात. आज काम उरकून उद्या निवांत सिव्हिलला जा. उगाच पळापळ नको.

सिव्हिलची_सिस्टर
आदित्य, ७२ तास ही शेवटची हद्द आहे, मुदत नाही. एचआयव्हीची गोळी शक्यतो दोन तासांच्या आत पडली पाहिजे, तेवढं जमलं नाही तर जितकं लवकर तितकं बरं. दोन तास तर केव्हाच उलटलेत.
ताई, पुढचं कलेक्शन राहू दे. सिव्हिलच्या एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीची औषधं देतात तिथे, जा, बंद असेल तर कॅज्युअल्टीला. सुई टोचल्याचं सांगितलं की पहिला डोस तिथेच देतात. हल्ली टीएलडी, तीन औषधांची एकच गोळी, रोज एक, २८ दिवस. पेशंटचा रिपोर्ट निगेटिव्ह आला तर पुढच्या गोळ्या बंद करता येतात, पण पहिली गोळी रिपोर्टसाठी अडवायची नाही.
तुमच्या प्रश्नाचं उत्तर: आजची तुमची टेस्ट फक्त एवढंच सांगेल की आजपर्यंत तुम्हाला नव्हतं. म्हणून ती करायचीच. सुईमुळे काही झालं का, ते पुढच्या टेस्ट सांगतील.

कराडचा_लॅबटेक
मला चार वर्षांपूर्वी टोचली होती. गोळ्यांनी मळमळ, डोकं गरगर, मधेच सोडल्या. पुढचे रिपोर्ट क्लिअर आले. सगळे एचआयव्ही एचआयव्ही करतात, पण पेशंट पॉझिटिव्ह असला तरी पोकळ सुईनेसुद्धा हजारात तिघांनाच लागण होते.

सिव्हिलची_सिस्टर
आकडा बरोबर, पण गोळ्या सोडण्याचा सल्ला देऊ नका. आणि हजारात तीन म्हणताय तर कावीळ ब चंही सांगा: डोस झालेले नसतील आणि पेशंट पॉझिटिव्ह असेल तर शंभरात सहापासून तिसापर्यंत. ताईंनी सांगितलेल्या सगळ्यात मला तिसऱ्या डोसचीच जास्त काळजी वाटते.
आजोबांच्या रक्ताची नळी तुमच्याच लॅबमध्ये आहे ना? त्यांना किंवा मुलाला फोन करा, काय झालं ते सांगा. एचआयव्हीसाठी आजोबांची संमती लागते, कायदाच तसा आहे; ती लेखीच घ्या. त्याच वेळी कावीळ ब आणि क चीही परवानगी घ्या.

विट्याची_वैशाली
कावीळ म्हणत असाल तर आमच्याकडे एक आजी नाकात थेंब सोडतात, तीन दिवसांत डोळे पांढरे. पत्ता हवा असेल तर मेसेज करा.

कराडचा_लॅबटेक
वैशालीताई, इथे कुणाला कावीळ झालेली नाही, होऊ नये म्हणून धागा आहे. ते थेंब घेऊन लिव्हर खराब झालेले पेशंट मीच रक्त काढून पाठवलेत.

कलेक्शनवाली
सिव्हिलला गेले. गोळी घेतली, माझं रक्तही घेतलं. आजोबांचा मुलगा चांगला निघाला, स्वतः त्यांची सही आणून दिली. आत्ता रिपोर्ट आला: एचआयव्ही नॉनरिअॅक्टिव्ह. एचबीएसएजी पॉझिटिव्ह, म्हणजे कावीळ ब आहे. आजोबांनाही माहीत नव्हतं. कावीळ क चा उद्या येईल. आता काय? सर म्हणतात आधी तुझा टायटर करू, म्हणजे रक्तात कावीळ ब ची अँटीबॉडी किती आहे ते, रिपोर्ट आला की बघू.

सिव्हिलची_सिस्टर
टायटरची वाट बघू नका. दोनच डोस म्हणजे लसीकरण अपुरं, तेव्हा कावीळ ब चं इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे एचबीआयजी, आणि लसीचा राहिलेला डोस, दोन्ही आजच. २४ तासांच्या आत द्यायचं, सात दिवसांनंतर उपयोग धरत नाहीत. डोस वजनावर ठरतो. एका दंडात लस, दुसरीकडे एचबीआयजी. पहिले दोन डोस वाया गेले नाहीत, पहिल्यापासून सुरू करायची गरज नाही.
एचबीआयजी हे फ्रिजमधलं इंजेक्शन आहे, प्रत्येक मेडिकलला नसतं. निघण्याआधी फोनवर विचारा, आणि आणताना बर्फाच्या डब्यात आणा.

आदित्य_फार्मा
मिरजेत आमच्या डिस्ट्रिब्युटरकडे असतं, विचारून सांगतो. पण काही हजारांत जातं. सरकारी पुरवठ्यात आहे का बघा आधी.

कलेक्शनवाली
सर म्हणतात पैसे तू भर, नंतर बघू. आणि बाळाला पाजू का? मिस्टर विचारतायत त्यांना काही होईल का?

सिव्हिलची_सिस्टर
आजोबांचा एचआयव्ही निगेटिव्ह आहे, तेव्हा गोळ्या बंद करायच्या का ते एआरटीच्या डॉक्टरांना विचारा. आजोबांना हल्लीच कुठे रक्त चढवलंय का वगैरे ते विचारतील, त्यावर ठरेल. तोवर स्वतः बंद करू नका. पाजण्याचंही त्यांच्याशीच बोला, कारण गोळ्या सुरू आहेत. नुसत्या कावीळ ब साठी पाजणं थांबवायला लागत नाही. मिस्टरांनीही लस घेतलेली नसेल तर घेऊन टाकावी. रक्तदान मात्र सध्या नको.
पुढच्या टेस्ट: कावीळ ब साठी आजचा एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी, तेच परत सहा महिन्यांनी. टायटर आत्ता केला तर एचबीआयजीचीच अँटीबॉडी दिसेल आणि फसाल, म्हणून तोही सहा महिन्यांनीच. दहाच्या वर आला की लस लागली. एचआयव्हीची सहा आठवडे, तीन महिने, सहा महिने अशी पद्धत आहे. सगळ्या करायला लागतील का ते डॉक्टर सांगतील.
आजोबांचा कावीळ क पॉझिटिव्ह निघाला तर तीन ते सहा आठवड्यांत तुमची आरएनए टेस्ट करायची, ती थेट विषाणूच शोधते. त्याला लस नाही, आधी द्यायचं औषधही नाही, पण लागण झालीच तर गोळ्यांनी बरा होतो.

कराडचा_लॅबटेक
पैशाचं: २०१७च्या एचआयव्ही कायद्यात अशा जागी काम करणाऱ्यांना सुई टोचल्यानंतरचं एचआयव्हीचं औषध मालकानेच द्यायचं आहे. कावीळ ब त्यात धरतात का, यावर आमच्याकडे वाद झाला होता, मिटला नाही. सरांना लेखी कळवा, तारीख-वेळ टाकून. नुसत्या फोनवर राहू नका.

रामभाऊ_टेलर
मुली, ती दोन इंजेक्शनं घेतलीस का ते आधी सांग.

कलेक्शनवाली
लस घेतली. एचबीआयजी आदित्यदादांच्या ओळखीने मिरजेत मिळालं, मिस्टर आणायला गेलेत. सरांना मेसेज टाकला, ब्लू टिक आली आहे.