मदत हवी आहे: आजीच्या वाक्यात भर कुठे आहे, ते कसं ओळखू?

पऱ्हाटी: नमस्कार मंडळी. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, आर्णीच्या बाजूला. एम.ए.च्या प्रबंधासाठी आजीचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करतेय. ऐकणाऱ्याला आधीच माहीत असलेली गोष्ट ती वाक्यात कुठे ठेवते आणि नवी कुठे, हे मला शोधायचंय. सर म्हणतात, नवं ते क्रियापदाच्या अगदी आधी. बरेचदा जुळतं. मी विचारलं, “बैल कोनं इकला?” आजी म्हणाली, “बैल तं दादानं इकला.” पण दुसऱ्या दिवशी काकूशी बोलताना तीच म्हणाली, “बैल इकला दादानं.” इथं ‘दादानं’ नवं की जुनं? Praat या आवाज तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये पाहिलं तर सुराची रेघ ‘इकला’तल्या ‘क’पाशी तुटते, पुढचं काही कळत नाही.

धुऱ्यावरचा: जुनंच. क्रियापदाच्या मागे टाकलेलं सगळं जुनंच असतं, बोलणारा ते जाता जाता जोडतो. “जेवला का तू?” यात ‘तू’ला काही वजन आहे का? शंका नको.

वऱ्हाडी भाषा आमची: ताई, आजीला ‘विकला’ म्हणायला लावू नका. ‘इकला’ अशुद्ध नाही, आमच्याकडे असंच बोलतात.

पऱ्हाटी: नाही हो, उच्चार मी जसाच्या तसा ठेवलाय. प्रश्न शब्दांच्या जागेचा आहे.

सूरपेटी: धुऱ्यावरचे, ‘जेवला का तू’ला तुमचं बरोबर आहे. पण रागावलेली आई विचारते, “सांगतलं कोनं तुले?” ‘कोनं’ क्रियापदानंतर आलंय, आणि तिला हवंय तेच. सांगितलं गेलं हे दोघांनाही माहीत आहे, म्हणून इथं क्रियापदच जुनं होऊन पुढं आलं. तेव्हा नुसत्या जागेवरून ठरवू नका.

पऱ्हाटी, आधी हे वाक्य बाजूला ठेवा आणि आजीचा सूर ओळखायला शिका. ‘क’सारख्या अघोष व्यंजनाला सुराची रेघ तुटते, म्हणून म, न, ल, व असलेले शब्द घ्या. “मामीनं लोनी नेलं” चांगलं, यात रेघ कुठं तुटायला नको. मग तीन वेगवेगळे प्रश्न विचारा: काय झालं? मामीनं काय नेलं? लोनी कोनं नेलं? मध्ये दुसऱ्या गप्पा मारा, नाहीतर उत्तरं पाठ म्हटल्यासारखी येतात. पूर्ण वाक्यात सांग म्हणावं लागेल, नाहीतर आजी “मामीनं” एवढंच म्हणेल. Praat मध्ये सुराचा तळ 75 आणि कमाल 500 हर्ट्झ ठेवून पाहा, म्हाताऱ्या आवाजात सूर अधूनमधून फार खाली जातो.

शिखर किती उंच, यापेक्षा शिखरानंतर काय होतं ते बघा. भर असलेल्या शब्दानंतर उरलेलं वाक्य सपाट झालं, तर तो शब्द सापडला. आणि ‘तं’कडे दुर्लक्ष करू नका. “बैल तं दादानं इकला” म्हणताना आजीच्या मनात बैलाशेजारी दुसरंही काही असणार, गाय असेल, बंडी असेल.

सचिव गावचा: मी ग्रामसभेचं इतिवृत्त लिहितो. एकदा लिहिलं, “पाइप ठेकेदारानं बसवला नाही.” सभेत बोलणाऱ्याचा जोर ‘बसवला’वर होता, म्हणजे पाइप तसाच पडून आहे. वाचणाऱ्यांनी जोर ‘ठेकेदारानं’वर घेतला, म्हणजे दुसऱ्या कोणी बसवला. दोन महिने वाद चालला. कागदावर आवाज नसतो, आता मी “पाइप अजून बसलेलाच नाही” असं लिहितो. हे तुमच्यातच बसतं का?

सूरपेटी: अगदी बसतं. ‘नाही’ नेमकं कशाला नाकारतं, ते भर ठरवतो. आणि ‘च’मुळे तो भर कागदावरही दिसतो.

धुऱ्यावरचा: मग प्रत्येक नव्या गोष्टीला ‘च’ लावला की झालं.

सूरपेटी: नाही. “कोनं नेलं?” याला “मामीनं नेलं” पुरतं. “मामीनंच नेलं” म्हटलं की दुसऱ्या कोणावर तरी संशय होता आणि तो खोडला, असं ऐकू येतं.

पऱ्हाटी: काल करून पाहिलं. ‘काय नेलं?’ला रेघ ‘लोनी’वर चढली आणि ‘नेलं’ सपाट. ‘कोनं?’ला आजी दोनदा “लोनी मामीनं नेलं” म्हणाली. तिसऱ्यांदा मात्र शब्द न हलवता “मामीनं लोनी नेलं”, ‘मामीनं’ जोरात आणि पुढचं सगळं खाली बसलेलं. म्हणजे ‘क्रियापदाच्या आधी’ हा नियम तिच्यासाठी एकमेव वाट नाही, आवाजानंही तेच काम भागतं.

मग जुन्या वाक्याकडे गेले. “बैल इकला”नंतर बारीक थांबा आहे आणि ‘दादानं’ला सूर थोडा चढतो, सपाट नाही. धुऱ्यावरचे म्हणतात तसं वाटत नाही.

सूरपेटी: थोडा चढ म्हणजे पुरावा नव्हे. थांब्यानंतर सूर नव्यानं सुरू होतो, तेव्हाही तो चढलेला दिसतो. काकूनं आधी काय विचारलं होतं?

पऱ्हाटी: तेच नाही. मी बटण उशिरा दाबलं, रेकॉर्डिंग आजीच्या वाक्यापासूनच सुरू होतं. काकूला विचारलं तर म्हणते, “मले काय आठवते आता?”

सूरपेटी: मग हे वाक्य प्रकरणाचा आधार म्हणून घेऊ नका, शंका म्हणून नोंदवा. आणि आजीकडून तसलीच आणखी मिळतात का बघा, पण या वेळी आधीच्या प्रश्नासकट.