मदत हवी आहे: न वापरल्यामुळे ईमेल खातं डिलीट झालंय. तो पत्ता किंवा आतले मेल परत मिळतील का?

माधवी_सांगली
आमची हौशी नाट्यसंस्था आहे. संस्थेचा ईमेल 2011 साली तेव्हाच्या सचिवांनी एका मोठ्या मोफत सेवेवर उघडला होता. सेवेचं नाव मुद्दाम टाकत नाही, नाहीतर धाग्यात कंपनीला शिव्याच जास्त पडतील. लेटरहेड, बॅनर, स्मरणिका, सगळीकडे हाच पत्ता छापलेला आहे.

2019 पासून या खात्यावर येणारा प्रत्येक मेल आपोआप नव्या सचिवांच्या खाजगी ईमेलवर फॉरवर्ड व्हायचा. त्यामुळे मूळ खात्यात लॉगिन करायची वेळच कुणावर आली नाही. मेल येत होते, उत्तरं खाजगी ईमेलवरून जात होती. यंदा राज्य नाट्य स्पर्धेची तयारी सुरू झाल्यावर लक्षात आलं की बरेच दिवस एकही मेल आलेला नाही. लॉगिन करायला गेले तर असं खातंच नाही म्हणे. जुने सचिव आता दुबईला असतात. रिकव्हरीसाठी दिलेला त्यांचा इकडचा मोबाईल नंबर केव्हाच बंद झालाय.

आतमध्ये लेखकांची प्रयोगासाठीची परवानगीपत्रं, परिनिरीक्षण मंडळाशी झालेला पत्रव्यवहार आणि टाईप केलेल्या संहिता होत्या. दोन प्रश्न आहेत. तोच पत्ता पुन्हा घेता येईल का? आणि आतला मजकूर कुठून तरी मिळेल का?

बापू_मिरज
घाबरू नका ताई. आयटी नियमांत स्पष्ट आहे, खातं बंद झालं तरी कंपनीला 180 दिवस माहिती ठेवावीच लागते. वकिलाकरवी तक्रार अधिकाऱ्याला नोटीस धाडा, सगळं मिळेल.

खटपट्या
बापू, 180 दिवसांची तरतूद आहे हे बरोबर. 2021 च्या नियमांत आहे. पण ती खातं उघडताना घेतलेल्या नोंदणीच्या माहितीबद्दल आहे, म्हणजे नाव, नंबर वगैरे. तीही तपास यंत्रणांच्या उपयोगासाठी. त्यातून मेलबॉक्स परत मागायचा हक्क निघत नाही. तक्रार अधिकाऱ्याला लिहायला हरकत नाही, पण त्यावर विसंबून बाकीचं थांबवू नका.

माधवीताई, आधी खात्याचं नेमकं काय झालंय ते बघू. दुसऱ्या कुठल्याही ईमेलवरून जुन्या पत्त्यावर एक ओळीचा मेल टाका. तो परत येईल, त्यात एक आकडा असेल, तो इथे लिहा. `552 5.2.2` असेल तर पेटी भरली आहे, खातं जिवंत आहे. `550 5.2.1` असेल तर बहुधा खातं गोठवलंय, तिथे रिकव्हरी फॉर्मला अर्थ आहे. `550 5.1.1` म्हणजे त्या नावाचं कुणी नाही.

दुसरं, नवीन खातं उघडायच्या पानावर तेच नाव टाकून बघा. फक्त बघा, खातं उघडू नका.

आणि तिसरं, सचिवांच्या खाजगी ईमेलमध्ये, स्पॅमसकट, सेवेकडून आलेला काही इशारा सापडतो का ते शोधा. फॉरवर्ड चालू होता, तेव्हा इशाराही तिकडेच गेला असणार.

अनघा_नाशिक
माझं इन्स्टावरचं नाव कुणीतरी घेऊन बसलंय आणि चार वर्षांत एक फोटो टाकलेला नाही. ते मला मिळेल का? ट्रेडमार्क असेल तरच मिळतं असं ऐकलंय.

खटपट्या
अनघा, तुमचा प्रश्न उलट आहे. इथे यांचंच खातं गेलंय. वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

माधवी_सांगली
करून पाहिलं. मेल लगेच परत आला, `550 5.1.1`. नवीन खात्याच्या पानावर ते नाव टाकलं तर "हे नाव आधीच घेतलेलं आहे" असं येतंय. हे काय गौडबंगाल? खातं नाही म्हणतात आणि नावही देत नाहीत. दुसऱ्या कुणी घेतलं का?

सचिवांच्या स्पॅममध्ये इशाऱ्याचे मेल सापडले. शेवटचा मागच्या वर्षीच्या दिवाळीच्या सुमाराचा आहे. खातं बरेच दिवस वापरलेलं नाही, लॉगिन केलं नाही तर सगळं काढून टाकू, असा मजकूर.

खटपट्या
दुसऱ्या कुणी घेतलं असतं तर तुमचा मेल परत आला नसता, त्याच्या पेटीत पडला असता. मेल परत येतो आणि नावही मिळत नाही, याचा अर्थ नाव कायमचं कुलूपबंद करून ठेवलंय. गूगलचं धोरण असंच आहे: एकदा डिलीट झालेला जीमेल पत्ता पुन्हा कुणालाही मिळत नाही, मूळ मालकालाही नाही. न वापरलेली खाती काढण्याचा नियम त्यांनी मे 2023 मध्ये जाहीर केला. मुदत दोन वर्षांची आणि काढायला सुरुवात त्याच डिसेंबरपासून. मायक्रोसॉफ्टचीही मुदत साधारण दोन वर्षांचीच. याहूमध्ये बारा महिने लॉगिन नसेल तर पेटी रिकामी करतात.

पेटीत मेल येत राहणं म्हणजे वापर नव्हे, हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. तुम्ही आत शिरून एखादा मेल वाचला, पाठवला, त्या खात्याने काही उघडलं, तर तो वापर. फॉरवर्ड हे सर्व्हरचं काम झालं, त्यात माणूस कुठे आहे? म्हणून तुमचं खातं वरून धडधाकट दिसत होतं आणि कंपनीच्या लेखी ओसाड होतं.

डिलीट होऊन थोडेच दिवस झाले असतील तर काही सेवा परत देतात. रिकव्हरीचा फॉर्म एकदा भरून टाका. पण शेवटचा इशारा मागच्या दिवाळीचा असेल तर मी तरी आशा धरणार नाही. "खातं काढून देतो, पाच हजार द्या" म्हणणारे मेसेज आता तुम्हाला येतील, त्यांना दारात उभं करू नका. आतून कुणाचीही ओळख असली तरी पुसलेली पेटी परत येत नाही.

बापू_मिरज
म्हणजे नाव गेलंच म्हणायचं. निदान दुसऱ्या कुणी संस्थेच्या नावाने मेल पाठवणार नाही, हे बरं.

खटपट्या
हो, ते खरंच बरं आहे. याहूने 2013 मध्ये वर्षभर न वापरलेली नावं नव्या लोकांना वाटली होती. नव्या मालकांना जुन्या मालकांचे बँकेचे वगैरे मेल येऊ लागले. त्यातूनच मेल पाठवताना "हा पत्ता अमुक तारखेपासून याच माणसाकडे असेल तरच द्या" असं सांगणारी एक वेगळी हेडर ओळ निघाली, `Require-Recipient-Valid-Since`. ती वापरणारे मोजकेच. तेव्हा नाव कुलूपबंद असणं हे तुमच्या पथ्यावर पडलंय.

मात्र तो ईमेल जिथे जिथे नोंदवलाय तिथून आजच बदला. बँक, धर्मादाय आयुक्तांकडची ऑनलाईन नोंद, फेसबुक पेज. एखाद्या ठिकाणी पासवर्ड विसरलात तर रिसेटची लिंक आता हवेत जाईल.

स्मिता_डोंबिवली
मोबाईल नंबरचंही बघा. माझ्या सासऱ्यांचं सिम रिचार्ज न केल्यामुळे बंद झालं आणि काही महिन्यांनी तो नंबर पार वेगळ्या माणसाला लागला. त्याला आमच्या गॅसचे मेसेज जायचे. बिचारा फोन करून सांगायचा.

खटपट्या
स्मिता, मुद्दा रास्त आहे. बंद झालेला नंबर 90 दिवसांनंतर दुसऱ्याला देता येतो. जुन्या सचिवांचा नंबर आणखी कुठल्या खात्याला जोडलेला असेल तर तोही काढा.

आता मजकुराचं. फॉरवर्ड 2019 पासून आहे, म्हणजे त्यानंतर आलेलं सगळं सचिवांच्या खाजगी पेटीत आहे. राहिला 2011 ते 2019 चा काळ. त्या खात्याचे मेल कधी ब्राउझरऐवजी थंडरबर्ड किंवा आउटलुकमध्ये उघडले जायचे का? तालमीच्या हॉलवरचा एखादा जुना कॉम्प्युटर?

माधवी_सांगली
आहे! खजिनदारांच्या घरी जुना पीसी आहे. त्यावर निळ्या पक्ष्याचं चिन्ह होतं, म्हणजे थंडरबर्डच ना? 2017 पर्यंत त्यावरच काम चालायचं. आज संध्याकाळी सुरू करून बघते.

खटपट्या
थांबा! आधी नेटची वायर काढा, वायफाय असेल तर तेही बंद. थंडरबर्ड उघडूच नका. खातं अस्तित्वात नसेल तर लॉगिन फसेल, इतकंच. मेल पुसले जाणार नाहीत. पण पेटी फक्त रिकामी केलेली असेल आणि लॉगिन झालं, तर थंडरबर्ड सर्व्हरशी जुळवून घेताना तुमच्याकडची प्रतही रिकामी करेल. तुमच्या बाबतीत ही शक्यता कमी आहे, पण उगाच परीक्षा कशाला?

विंडोजच्या पत्त्याच्या पट्टीत हे टाका:

```
%APPDATA%\Thunderbird\Profiles
```

त्यात जो फोल्डर असेल तो अख्खा पेन ड्राइव्हवर कॉपी करा. मग कॉपीतच बघायचं. आत `ImapMail` किंवा `Mail` नावाचा फोल्डर, त्यात सर्व्हरच्या नावाचा फोल्डर आणि त्यात `INBOX` नावाची फाईल, पुढे काही न लागलेली. शेजारी `INBOX.msf` असेल, ती नुसती सूची आहे, तिच्यात मजकूर नसतो. `INBOX` चा आकार किती ते सांगा. शून्य किंवा काही केबी असेल तर तिथे फक्त विषयांच्या ओळी होत्या, मेल सर्व्हरवरच राहिले. शेकडो एमबी असेल तर जोडलेल्या फाईलींसकट मेल त्यातच आहेत.

माधवी_सांगली
`INBOX` 1.3 जीबी. आणि सेंटची वेगळी फाईल आहे, 410 एमबी.

खटपट्या
झालं काम. आता तुमच्या लॅपटॉपवर थंडरबर्ड टाका, खातं जोडायला सांगेल ते टाळा. मग ते बंद करून त्याच्या प्रोफाईलमधल्या `Mail\Local Folders` मध्ये या दोन फाईली `Juna_Inbox` आणि `Juna_Sent` अशा नावांनी ठेवा. `.msf` नेऊ नका, ती नवीन बनते. उघडलं की डावीकडे लोकल फोल्डर्सखाली दिसतील. एवढ्या मोठ्या फाईलीची सूची बनायला वेळ लागतो. मध्येच बंद करू नका.

माधवी_सांगली
दिसलं! 2011 पासून ऑगस्ट 2017 पर्यंतचं बहुतेक सगळं आहे. संहिता उघडल्या, पण दोन फाईलींमध्ये मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा खिचडा दिसतोय.

अनघा_नाशिक
तो जुना टाईपिंगचा फॉन्ट असणार. श्रीलिपी किंवा तसलं काहीतरी. ज्या डीटीपीवाल्याने टाईप केलं त्याच्याकडे फॉन्ट असेल, नाहीतर युनिकोड कन्व्हर्टर मिळतात. आमच्या वार्षिक अंकाचं हेच झालं होतं.

माधवी_सांगली
धन्यवाद अनघा, डीटीपीवाले काका अजून गावातच आहेत.

सप्टेंबर 2017 ते 2019 मधलं मात्र कुठेच नाही. एका नाटकाचं परवानगीपत्र नेमकं त्याच काळातलं आहे.

खटपट्या
त्या काळातलं ज्यांनी पाठवलं त्यांच्या सेंटमध्ये आणि ज्यांना तुम्ही पाठवलं त्यांच्या इनबॉक्समध्ये शोधायला सांगा. लेखकाकडे प्रत असेल. सचिवांच्या जुन्या फोनमध्ये डाउनलोड झालेली पीडीएफही असू शकते.

माधवी_सांगली
लेखक दोन वर्षांपूर्वी वारले. त्यांच्या मुलीशी बोलणं झालंय, पण वडिलांच्या ईमेलचा पासवर्ड त्यांनाही माहीत नाही.

बापू_मिरज
मग जुन्या पत्राच्या मागे कशाला लागता? हक्क आता वारसांकडे आले. मुलीकडून नव्याने लेखी परवानगी घ्या, स्पर्धेला तीच लागेल. आणि त्या ईमेलमध्ये त्यांच्या इतर संहिता असतील तर त्यांना म्हणावं लवकर हालचाल करा, तिथेही दोन वर्षं होत आली.

खटपट्या
बापू, हे मात्र शंभर टक्के. माधवीताई, गूगलचं खातं असेल तर मृत व्यक्तीच्या खात्यासाठी जवळच्या नातेवाइकांनी अर्ज करायची सोय आहे. मृत्यूचा दाखला लागतो, आणि मजकूर मिळेलच असं नाही. त्यांचं खातं कुठल्या सेवेवर होतं?

माधवी_सांगली
विचारून सांगते.