अनुभव धागा: गेममध्ये जुळलेल्या जोडप्याच्या लग्नात तुम्ही काय बोललात?

चहाबाज: मावसबहिणीचं रिसेप्शन आहे. दोघं पबजीत भेटले. 'दोन शब्द बोल' म्हणून माईक माझ्या हातात येणार आहे. समोर निम्मे आजी-आजोबा. कुणी असं बोललंय का?

पोचिन्कीकर: मी बोललोय, भावाच्या लग्नात. पहिल्या खर्ड्यात स्क्वॉड, लूट, झोन सगळं होतं. बायकोला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, हा दरोड्याचा पंचनामा वाटतोय. मग एकच प्रसंग ठेवला. वहिनी गेममधल्या पोचिन्की गावात नॉक होऊन, म्हणजे गोळ्या लागून पडून, गुडघ्यावर रांगत होती. तिच्या संघात आलेला चौथा गडी अनोळखी, म्हणजे आमचा दादा. पडलेल्याला उठवायला दहा सेकंद लागतात आणि तेवढा वेळ उठवणाऱ्याला बंदूक चालवता येत नाही. जागेवरून हलला तर पुन्हा पहिल्यापासून. हे सांगितलं आणि म्हटलं, आता आपण दहा सेकंद गप्प बसू. मी घड्याळ धरलं. सहाव्या सेकंदाला केटररच्या पोराने झारा पाडला, पण तोवर सगळ्यांना कळलं होतं की दहा सेकंद केवढे असतात. पुढचं एकच वाक्य: "दादा तेवढा वेळ जागचा हलला नाही."

कुसुमताई: उखाण्यात गेमचं नाव घेतलं तर चालेल का? आमच्या सुनेने घेतलं होतं, पण भटजींना वाटलं पबजी म्हणजे नवऱ्याचं लाडाचं नाव.

मडगावकर: आमच्या गोव्यात ख्रिश्चन लग्नात टोस्ट रीतसर असतो. बोलणारा आधीच ठरलेला, शेवटी सगळे उभे राहून ग्लास उंचावतात. तीन-चार मिनिटांवर गेलं की मागची टेबलं आपापसात गप्पा मारू लागतात. एकच प्रसंग ठेवा, हे पटलं.

रात्रपाळी: गेमवर बंदी आली तरी यांचं बोलणं चालूच राहिलं, हेही सांग. २०२१ ची बंदी ना?

पोचिन्कीकर: नाही, बंदी २ सप्टेंबर २०२० ची. २०२१ च्या जुलैत बीजीएमआय, म्हणजे त्याच गेमची भारतातली आवृत्ती, आला. आमच्या दोघांनी त्या मधल्या काळात पहिल्यांदा फोन नंबर घेतले. मी ते भाषणात घातलं नाही, कारण वहिनीच्या घरी 'ओळखीतून स्थळ आलं' असं सांगितलेलं.

चहाबाज: इथेही तीच भानगड आहे! मावशीला माहीत आहे, काकांना नाही.

रात्रपाळी: मग बोलूच नको. नवरीला अडचणीत आणशील.

पोचिन्कीकर: माझं मत उलट आहे, पण ठरवायचं नवरीने. आदल्या दिवशी तिला अख्खं वाचून दाखव. वहिनीने माझ्या कागदावरची दोन वाक्यं खोडली होती, दोन्ही तिच्या जुन्या प्लेयर नावाबद्दल. ते नाव मी इथेही लिहिणार नाही.

चहाबाज: बहिणीला आत्ताच विचारलं. म्हणते, दहा सेकंदांचं ठेव. पण उठवलं तिने होतं, त्याने नाही.